सोसायटीच्या गणपतीत स्टॉल लावला, पैसे वसूल झाले का?

गणपतीच्या महिनाभर आधी सोसायट्यांच्या उत्सव समित्या दुकानादुकानांत येतात. हातात छापील कागद असतो. प्रवेशद्वारावरच्या बॅनरचे इतके, स्टॉलचे इतके, पाककला स्पर्धेच्या बक्षिसाचे इतके. समोर उभी असलेली माणसं रोजच्या ओळखीची असतात, त्यामुळे आपण फार विचार न करता एक आकडा कबूल करतो. उत्सव होतो, फोटो येतात, आणि कधी कुणी विचारलं की त्या पैशांचं काय झालं, तर आपण म्हणतो, "नाव झालं की."

माझं लाकडी घाण्याच्या तेलाचं छोटं दुकान आहे, पुण्यात. मीही अशी बरीच वर्षं पैसे देत होतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला बारा हजार रुपये दिले होते. स्टेजच्या बाजूला बॅनर लागला, सूत्रसंचालिकेने नाव दोनदा घेतलं. त्यानंतर दुकानात किती नवी माणसं आली, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित वीस आली असतील, कदाचित एकही नाही. तोटा झाला असता तरी चाललं असतं, पुढच्या वेळी सावध झालो असतो. पण फायदा की तोटा हेच न कळल्यामुळे त्या बारा हजारांतून मी काहीच शिकलो नाही.

मोजायची सोय कार्यक्रमाच्या आधी केली नसेल, तर कार्यक्रमानंतर मोजता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. पुढच्या गणपतीत मी एका सोसायटीत हिशेब लावून स्टॉल लावला. तोच हिशेब इथे मांडतो. तुमचा धंदा केकचा असेल, चष्म्याचा असेल किंवा नृत्यवर्गाचा, आकडे बदलतील, पण रीत हीच राहील.

आधी वर्गणी वेगळी काढा

आपण ज्या वस्तीत धंदा करतो तिथल्या गणपतीला काहीतरी द्यावं असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पण ती वर्गणी. तिची वसुली मागायची नसते. मी मनाशी एक रक्कम ठरवून ती वर्गणी म्हणून देतो, तिची पावती वेगळी घेतो आणि हिशेबात धरत नाही. स्टॉल आणि बक्षीस यांचे पैसे हा जाहिरातीचा खर्च असतो. त्याची पावतीही तशीच लिहून घ्यावी: कोणत्या कार्यक्रमासाठी आणि कशाच्या बदल्यात. 'देणगी' असं मोघम लिहिलेली पावती धंद्याचा खर्च म्हणून दाखवताना अडचणीची ठरते. तुमची नोंदणी जीएसटीखाली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फुकट वाटलेल्या नमुन्यांवर आणि भेटवस्तूंवर खरेदीच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. भागीदारी किंवा कंपनी असेल, तर प्रायोजकत्वावरच्या कराबद्दल आपल्या सीएशी पैसे देण्याआधीच बोला.

ही दोन खाती एकत्र झाली की दोन्ही बिघडतात. जाहिरात वाया गेली तर आपण "जाऊ दे, देवाचं काम होतं" म्हणून सोडून देतो, आणि वर्गणी दिली तरी मनात परतफेडीची अपेक्षा राहते.

एक नवं घर आपल्याला किती देतं?

सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो, म्हणून त्याला वेळ द्या. शेंगदाणा तेलाची एक लिटरची बाटली मी ३४० रुपयांना विकतो. शेंगदाणे, घाण्याची मजुरी, वीज, बाटली आणि लेबल मिळून मला ती २७० रुपयांना पडते. म्हणजे एका लिटरमागे ७० रुपये सुटतात. यातून मी दुकानाचं भाडं वजा केलेलं नाही, कारण ते स्टॉल लावला तरी द्यायचं आहे आणि नाही लावला तरी. एक जादा बाटली विकल्याने जेवढा खर्च वाढतो, तेवढाच धरायचा.

चौघांच्या घरात महिन्याला साधारण तीन लिटर तेल लागतं, असा माझा वहीवरून अंदाज होता. म्हणजे एक नवं घर महिन्याला २१० रुपये देणार आणि सहा महिन्यांत १,२६०. पहिल्या खरेदीवर ५० रुपयांचं कूपन द्यायचं ठरवलं होतं, ते वजा जाता १,२१०.

आपला माल लोक पुन्हापुन्हा घेतात की एकदाच, हेही इथेच ठरतं. तेल, पीठ, दूध, शिकवणी यांत पहिली खरेदी छोटी असते आणि खरी कमाई टिकणाऱ्या घरातून येते. चष्मा, पंखा किंवा सोफा विकणाऱ्याला मात्र त्या एका विक्रीतच वसुली पाहावी लागते. त्याचं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, म्हणून त्याने सहा महिन्यांऐवजी 'किती जणांनी विचारणा केली आणि त्यातल्या किती जणांनी घेतलं' एवढंच मोजावं.

खर्च म्हणजे फक्त समितीला दिलेले पैसे नव्हेत

सोसायटी २४० फ्लॅटची, दुकानापासून अर्ध्या किलोमीटरवर. समितीने मागितले ८,००० रुपये: दोन संध्याकाळी स्टॉल, पाककला स्पर्धेचं प्रायोजकत्व आणि प्रवेशद्वारावर नाव. मी बाकीचा खर्च कागदावर मांडला तेव्हा तो समितीच्या रकमेपेक्षा जास्त निघाला.

स्पर्धेसाठी दहा लिटर तेल, म्हणजे २,७०० रुपये. हे मला पडलेल्या किमतीने धरलं, विकण्याच्या किमतीने नाही. स्टॉलवर चाखायला द्यायचं चार लिटर तेल १,०८०. पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि चटण्या १,८००. टेबलावरचं कापड, छोटा बॅनर आणि कूपनं १,२००. मदतनीस मुलाचे दोन संध्याकाळचे १,२००. टेम्पो ४००. शिवाय मी आणि माझी बायको, दोघांचे दोन संध्याकाळी मिळून सोळा तास. त्याचे तासाला शंभर प्रमाणे १,६०० रुपये धरले. घरच्या माणसांचा वेळ फुकट धरला की प्रत्येक स्टॉल फायद्याचाच दिसतो.

बेरीज झाली १७,९८०. याला १,२१० ने भागलं की पंधरा घरं येतात. २४० फ्लॅटपैकी पंधरा घरं सहा महिने टिकली, तर पैसे वसूल. म्हणजे दर सोळा घरांमागे एक. हे अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. याच सोसायटीने वीस हजार मागितले असते, तर पंचवीस घरं लागली असती आणि मी तिथेच नाही म्हटलं असतं. हो की नाही, हे असं आकडा समोर ठेवून ठरवावं. समितीतल्या माणसांनाही ते पटतं. "काका, माझं गणित एवढ्यातच बसतं" असं कागद दाखवून सांगितलं, तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

पैसे देण्याआधी काय ठरवून घ्यावं

समिती दरवर्षी बदलते आणि कार्यक्रमाच्या धावपळीत तोंडी शब्द विसरले जातात. त्यामुळे ठरलेलं सगळं एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून सेक्रेटरींकडून 'मान्य' असं उत्तर घ्या. माझ्या संदेशात पाच गोष्टी होत्या. स्टॉल कुठे, कोणत्या दोन दिवशी आणि किती ते किती. तेलाचा दुसरा स्टॉल नसेल. माझा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर समितीतलं कुणीतरी एकदा उत्सवाआधी आणि एकदा स्पर्धेच्या दिवशी टाकेल. प्लग आणि दिवा समिती देईल. पावसाने दिवस रद्द झाला, तर बदली दिवस मिळेल.

यातली जागा सर्वांत महत्त्वाची. मी आदल्या आठवड्यात संध्याकाळी जाऊन मंडपाजवळ उभा राहिलो. आधी समितीने पार्किंगच्या टोकाला जागा दाखवली होती. ती ऐसपैस होती, पण तिकडे फक्त गाडी लावायला येणारी माणसं जात होती. आरती संपली की सगळे प्रसादाच्या रांगेत येत, आणि रांग लिफ्टकडे जाणाऱ्या वाटेवर संपे. मी तिथे चार फुटांची जागा मागितली. मोठी जागा नको, प्रसाद घेऊन परतणाऱ्यांच्या वाटेवरची हवी. वेळही त्यावरूनच ठरली: आरतीच्या अर्धा तास आधीपासून साडेनऊपर्यंत. दुपारी स्टॉल उघडा ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

खाण्याची वस्तू असेल, तर एफएसएसएआयची नोंदणी सोबत ठेवा आणि नंबर दिसेल असा लावा. तेल विकणाऱ्यांनी स्टॉलवर सुटं तेल ओतून देऊ नये, सीलबंद बाटलीच विकावी, कारण नियमही तसाच आहे.

बक्षीस पहिल्यालाच का?

पाककला स्पर्धेला आम्ही पूर्वी एक मोठा डबा पहिल्या क्रमांकाला द्यायचो. फोटो छान यायचा. पण तेल एकाच घरात जायचं, आणि ते घर कधीकधी आधीच आपलं गिऱ्हाईक असायचं.

या वेळी दहा लिटर वेगळ्या तऱ्हेने वाटलं. नाव नोंदवणाऱ्या चौदा स्पर्धकांना प्रत्येकी अर्धा लिटरची बाटली आधीच दिली, याच तेलात पदार्थ करा म्हणून. अट एवढीच की बाटली दुकानात येऊन न्यायची. त्यात सात लिटर गेलं. उरलेलं तीन लिटर पहिल्या क्रमांकाला, पण एकदम नाही. दर महिन्याला एक लिटर, तीन महिने, दुकानातूनच न्यायचं. मानचिन्हं समितीने दिली.

बाटली न्यायला आलेल्यांतल्या बऱ्याच जणी घाण्याजवळ थांबल्या. लाकडी उखळीत दाणे दळले जाताना तेल खाली टिपकतं, पेंड कडेला चढत जाते, आणि भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो. त्यातल्या एका काकूंनी पेंडेचा तुकडा हातात घेऊन विचारलं, "ही गाईला चालते का?" त्यांच्या गावच्या घरी गाय होती. पुढे त्या तेलाबरोबर पेंडही नेऊ लागल्या. स्टेजवरून घेतलेल्या नावाने हे झालं नसतं. म्हणून बक्षीस असं ठेवा, की ते घ्यायला माणसाला तुमच्या दुकानापर्यंत यावं लागेल आणि तुमची वस्तू वापरून पाहावी लागेल. नृत्यवर्गाने करंडकाबरोबर चार तासांचे मोफत वर्ग द्यावेत. चष्म्याच्या दुकानाने सगळ्या स्पर्धकांना डोळे तपासणीचं कूपन द्यावं.

स्टॉलवर एकच काम

स्टॉलवर पाच प्रकारची तेलं मांडली की लोक बघतात आणि पुढे जातात. मी दोनच ठेवली, शेंगदाणा आणि करडई. चाखायला भाकरीचा तुकडा, त्यावर कांद्याची किंवा कारळाची चटणी आणि वरून कच्चं तेल. सोलापूर-मराठवाड्याकडून आलेल्या घरांना ही चव ओळखीची असते. एक आजोबा तुकडा खाऊन काही न बोलता थांबले, मग म्हणाले, "असं तेल आमच्याकडं घाण्यावरनं कासंडीत आणायचे." त्यांची सून बाजूला उभी होती. तिने तिथेच बाटली घेतली.

विक्री होवो न होवो, चाखलेल्या प्रत्येक घराला एक कूपन दिलं. हे कूपनच मोजायचं साधन असतं, म्हणून ते नीट तयार करा. आमचं गुलाबी होतं. तो रंग दुसऱ्या कोणत्याही जाहिरातीला वापरला नव्हता. प्रत्येकावर अनुक्रमांक होता. देताना मदतनीस मुलगा त्यावर विंगचं अक्षर लिहायचा. मुदत दसऱ्यापर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर. मुदत लांब ठेवली की कूपन फ्रिजवर चिकटून राहतं आणि विसरलं जातं. एका घराला एकच कूपन, हेही पाळलं. दोन संध्याकाळी ११० कूपनं गेली.

फोन नंबर मागायचाच असेल, तर तो कशासाठी हे सांगा, संमती घ्या आणि लहान मुलांकडून कधीच घेऊ नका. मी नंबर घेतले नाहीत. कूपन घेऊन आलेल्या माणसाला दुकानात विचारलं, "नवं तेल काढलं की निरोप देऊ का?" हो म्हणणाऱ्यांचेच नंबर लिहिले.

वहीचं एक पान

दुकानातल्या वहीत त्या सोसायटीसाठी एक पान राखून ठेवलं. रकाने पाच: कूपन क्रमांक, विंग, नवं की जुनं, पहिली तारीख, आणि पुढच्या प्रत्येक खरेदीला किती लिटर. कूपन फाडून टाकायचं नाही, पानाला टाचायचं. गल्ल्यावर मी नसेन तेव्हा जो बसेल त्यानेही हे करायचं. कूपन न घेता येणारं नवं माणूसही निसटू नये, म्हणून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारला: "आमचं दुकान कुठून कळलं?" "कसे आलात?" असं विचारलं तर लोक "असंच" म्हणतात. 'कुठून' म्हटलं की नेमकं उत्तर येतं.

सहा महिन्यांनी पान असं होतं. ११० पैकी ३८ कूपनं परत आली. त्यांतली ११ घरं आधीचीच गिऱ्हाइकं होती. ती स्टॉलमुळे आलेली नव्हती, पण सवलत त्यांनाही द्यावी लागली. उरली २७ नवी घरं. त्यांपैकी दहा एकदाच आली. पाच घरांनी तीन महिने तेल नेलं आणि थांबली. बारा घरं सहाव्या महिन्यातही घेत होती. पंधरा टिकायला हवी होती, टिकली बारा. शिवाय ती महिन्याला तीन नव्हे, सरासरी अडीच लिटर नेत होती.

आता पैसे. या नव्या घरांनी सहा महिन्यांत मिळून २२८ लिटर तेल नेलं, त्यातून सुटले १५,९६०. स्टॉलवर ४६ बाटल्या विकल्या होत्या. त्यांतल्या नऊ जुन्या गिऱ्हाइकांनी घेतल्या, म्हणून त्या सोडल्या. ३७ बाटल्यांचे २,५९०. एकूण १८,५५०. त्यातून ३८ कूपनांची सवलत, १,९०० रुपये, वजा केली. हाती राहिले १६,६५०. खर्च होता १७,९८०. म्हणजे सहा महिन्यांनी १,३३० रुपये कमी.

स्टॉल नसलेल्या ठिकाणाशीही तुलना करा

इथे बरेच जण थांबतात. पण एक प्रश्न उरतोच: यातली काही घरं स्टॉल न लावताही आली असती का? दुकान रस्त्यावर आहे, कुणाकडून तरी ऐकून लोक येतातच.

त्यासाठी मी आधीच एक दुसरी सोसायटी निवडून ठेवली होती. साधारण तेवढीच मोठी, तेवढ्याच अंतरावर, पण तिथे मी काहीही केलं नव्हतं. तिचंही एक पान ठेवलं. त्याच सहा महिन्यांत तिथून तीन नवी घरं आली आणि टिकली. म्हणजे माझ्या बारा घरांतली तीन तशीही आली असती असं धरायला हवं. त्या तीन घरांचे ३,१५० रुपये वजा केल्यावर १३,५०० उरले, आणि तूट ४,४८० झाली.

आणखी एक चकवा दिवाळीत बसतो. गणपतीनंतर दीड-दोन महिन्यांत फराळाची तळणी सुरू होते आणि तेल सगळीकडेच जास्त खपतं. तेव्हा गल्ला फुगलेला पाहून स्टॉलचा फायदा झाला असं वाटतं. त्या महिन्यात लिटर मोजू नका, घरं मोजा. आलेली नवी घरं दिवाळीनंतरच्या महिन्यातही येतात का, एवढंच पाहा. शाळेच्या वस्तू विकणाऱ्यांना हाच धोका जूनमध्ये असतो.

मग स्टॉल तोट्यात गेला का? सहा महिन्यांवर पाहिलं तर हो. पण उरलेली नऊ घरं महिन्याला प्रत्येकी अडीच लिटर नेत राहिली, तर दर महिन्याला १,५७५ रुपये येतात. तीन महिन्यांत तूट भरते. नवव्या महिन्यात खर्च वसूल झाला आणि त्यानंतरचं तेल फायद्यात गेलं. माझ्या धंद्याला वर्षाच्या आत वसुली चालते, म्हणून मी याला जेमतेम यश म्हणतो. ज्याने उधारीवर किंवा कर्जावर पैसे लावले असतील, त्याला नऊ महिने परवडणार नाहीत. आपली मुदत किती, हेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे निकाल आल्यावर ती सोयीने लांबवली जात नाही.

गळती कुठे झाली, ते पान सांगतं

नुसत्या फायद्या-तोट्यापेक्षा पायऱ्या पाहिल्या तर पुढे काय बदलायचं ते कळतं. स्टॉलपाशी माणसंच थांबली नाहीत, तर जागा किंवा वेळ चुकली. माणसं थांबली, चाखलं, पण कूपनं परत आली नाहीत, तर दुकान लांब पडतं किंवा सवलत पुरेशी नाही. कूपनं आली, पण दुसरी खरेदी नाही, तर भाव किंवा माल यात काहीतरी आहे.

माझ्या पानात दहा घरं एकदाच आली होती. त्यांतल्या सहा जणांना, ज्यांचे नंबर होते, मी फोन केला. विकायला नाही, विचारायला. चौघांनी एकच सांगितलं: तेल आवडलं, पण खाली येऊन न्यायला जमत नाही, बाकी किराणा घरपोच येतो. एकीने सांगितलं की तळणीला हे तेल महाग पडतं, म्हणून फोडणीपुरतंच घेणार. म्हणजे माल ठीक होता, अडचण पोहोचवण्याची होती. त्यानंतर शनिवारी त्या सोसायटीत एक फेरी सुरू केली. दहापैकी तीन घरं परत आली. ती वरच्या हिशेबात धरलेली नाहीत, कारण ती फेरीमुळे आली, स्टॉलमुळे नाही.

शाळेत हिशेब वेगळा

सोसायटीत माणसं एका ठिकाणी राहतात आणि वर्षभर तिथेच असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेले पालक मात्र शहरभर विखुरलेले असतात. म्हणून शाळेत पैसे देण्याआधी मुलं कुठून येतात, बस कोणत्या भागात जातात, हे ऑफिसात विचारा. तुमच्या दुकानाच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणारे किती पालक आहेत, तेवढीच तुमची खरी संख्या. माझ्या बारा हजारांच्या स्नेहसंमेलनात मी हे विचारलंच नव्हतं. हॉल भरलेला पाहून खूश झालो होतो.

शाळेत जिथे पालक स्वतः येतात, तिथे स्टॉल लावा: पालकसभा, क्रीडादिनाचं मैदान. बक्षिसाचा करंडक घरात वर्षानुवर्षं राहतो, म्हणून वह्यापुस्तकांची दुकानं, शिकवण्या, क्रीडासाहित्य यांना तो उपयोगी पडतो. खाद्यपदार्थवाल्यांसाठी एक नियम महत्त्वाचा. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. शाळेने हो म्हटलं तरी हा नियम लागू असतो.

दुसऱ्या वर्षी किती द्यावं?

पहिल्या वर्षाचा निकाल दुसऱ्या वर्षी जसाच्या तसा येत नाही. ज्यांना तेल आवडणार होतं त्यांतले बरेच आधीच आलेले असतात. मी धरलं की या वेळी निम्मी, म्हणजे चार-पाच घरं वाढतील. पाच घरांचे वर्षभरात १०,५०० रुपये. स्टॉल एकच संध्याकाळ ठेवला, स्पर्धकांचं तेल तेवढंच ठेवलं, तर माझा स्वतःचा खर्च साडेसहा हजारांच्या आसपास जात होता. उरतात चार हजार. त्यापेक्षा जास्त दिले, तर तो भाग वर्गणीचा, हे स्वतःशी कबूल करून द्यायचे.

समिती पुन्हा आली तेव्हा त्यांच्या कागदावर दहा हजार होते. मी वही उघडली आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. गुलाबी कूपनं टाचलेली होती, प्रत्येकावर विंगचं अक्षर. सेक्रेटरींनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्याच मजल्यावरची दोन घरं त्यात होती. चार हजार आणि एक संध्याकाळ असं ठरलं, वर्गणीची पावती नेहमीसारखी वेगळी. जागा मात्र तीच मागून घेतली, प्रसादाच्या रांगेच्या टोकाची.